मातीला पोहोचता येत नाही, तर मित्राला काय कळवावं?

प्रश्न: लहानपणच्या मित्राचे वडील आज पहाटे गेले. गाव दारव्हा तालुक्यात, मी चाकणला कंपनीत. दुपारी माती आहे, पोहोचणं शक्यच नाही. त्याला फोन करू की मेसेज? "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहायला मन धजत नाही, दुसरं काही सुचतही नाही. तेरवीला सुट्टी मिळेल की नाही तेही नक्की नाही.

उत्तर:

गावात मयत झाली की लाकडं, तिरडी, भजनी मंडळी, पाहुण्यांना निरोप हे सगळं बघणारी दोन-चार माणसं असतात. मी त्यांच्यापैकी आहे, म्हणून घराच्या आतल्या बाजूने सांगतो. तुम्ही शब्दांच्या काळजीत आहात, पण तुमच्याकडून त्या घराला आज सगळ्यात आधी हवी आहे ती एक साधी माहिती: तुम्ही येताय की नाही. सांत्वन त्याच्या मागून येतं.

याचं कारण असं. सकाळी ओसरीवर म्हातारी मंडळी बसतात आणि माती किती वाजता करायची ते ठरवतात. पहिला प्रश्न असतो, "कोण कोण यायचं आहे?" मुलगी, जावई, भाऊ यांची वाट पाहतातच. त्यात मित्राने "चाकणचा माझा दोस्त निघाला असेल" एवढं म्हटलं तरी कोणीतरी म्हणतं, "मग थांबू घटकाभर." उन्हाळा असेल तर आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. बर्फाची पेटी तालुक्याहून आणावी लागते, ती प्रत्येक वेळी मिळत नाही. पावसाळ्यात लाकूड ओलं, आणि स्मशानात शेड असेलच असं नाही. दिवस मावळल्यावर अग्नी देणं बऱ्याच घरी टाळतात. एका माणसासाठी दोन तास थांबलं की हे सगळं अंगावर येतं.

चाकणहून दारव्हा पाचशे किलोमीटरच्या वर पडतं. ट्रॅव्हल्सने बारा तासांच्या आसपास लागतात, स्वतःच्या गाडीने संभाजीनगरकडून समृद्धी धरून कारंज्याला उतरलात तरी आठ-नऊ तास कुठे जात नाहीत. पहाटे कळलं आणि दुपारी माती आहे, तर हिशेब सरळ आहे. अशा बातमीनंतर एकट्याने गाडी दामटत निघू नका. निघालात तर घरचे तुमचीही काळजी करत बसतील.

तेव्हा पहिला फोन मित्राला करू नका. मित्राचा चुलतभाऊ, शेजारी किंवा तुमच्या दोघांच्या ओळखीचा गावातला कोणी मित्र, यांच्यापैकी जो धावपळीत आहे त्याला करा. त्याला विचारा: माती किती वाजता, बाहेरगावचं कोणी यायचं आहे का, आणि मित्राचा फोन आत्ता कोणाच्या हातात आहे. मग स्पष्ट सांगा, "माझं येणं होत नाही. माझ्यासाठी कोणी थांबू नये, हे मोठ्यांच्या कानावर घाल." वेळेची चौकशी मित्राकडे अजिबात करू नका. तुम्ही त्याला "किती वाजता आहे?" विचारलंत की त्याला ते "मी येतोय, थांबा" असंच ऐकू येतं.

अपघात, साप, विष असं काही कारण असेल तर शवविच्छेदन होईपर्यंत प्रेत ताब्यात मिळत नाही. वेळ दोनदा-तीनदा बदलते. अशा वेळी तर मित्राला फोनच करू नका, तो दवाखान्याच्या दारात कागदावर सह्या करत उभा असतो. आणि माणूस स्वतःहून गेला असेल, तर "असं कसं केलं त्यांनी" हे वाक्य तुमच्या बोलण्यात किंवा लिहिण्यात कुठेही येऊ देऊ नका. कारण विचारायचंच असेल तर त्या तिसऱ्या माणसाला विचारा. मित्राने ते सकाळपासून प्रत्येकाला सांगितलेलं असतं.

आता फोन की मेसेज. हे एका गोष्टीवर ठरतं. मित्राने स्वतः फोन करून तुम्हाला सांगितलं असेल, तर त्याच फोनवर बोलून टाका: "माझं येणं होणार नाही रे. माझ्यासाठी थांबू नका." एवढंच. इथे लोक अवघडतात आणि "पाहतो, निघतोच" असं काहीतरी पुटपुटतात. सगळ्यात जास्त नुकसान याच शब्दाने होतं. मग कोणीतरी फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा राहतो, आणि तुम्ही येत नाही हे मित्राला भर गर्दीत कळतं. नकार दुखतो खरा, पण आशेला लावून ठेवलेलं त्याहून जास्त लागतं.

बातमी दुसऱ्याकडून कळली असेल तर मेसेज करा. पहिल्या दिवशी मित्राचा फोन बहुतेक वेळा भाच्याच्या नाहीतर मेव्हण्याच्या खिशात असतो. तो उचलतो, "हो, हो, दुपारी दोन" म्हणतो आणि ठेवतो. तुमचं बोलणं मित्रापर्यंत जातच नाही. मेसेज मात्र राहतो. रात्री पाहुणे पांगले, तो अंथरुणावर पडला की वाचतो. व्हॉइस मेसेज पाठवू नका, तो अंगणात चार माणसांत मोठ्याने वाजतो. लिहिलेला मेसेजही दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाऊ शकतो, म्हणून उसनवारी, घरातलं भांडण, आजाराच्या खाजगी गोष्टी त्यात नकोत. गावात नेट गेलेलं असलं तर साधा एसएमएस करा.

मेसेज पाच-सहा ओळींचा पुरे. तुमच्यासाठी एक नमुना लिहितो. त्यातली आठवण मी कल्पनेने घातली आहे, तिथे तुमची खरी घाला.

"भाऊ, काकाजी गेल्याचं आत्ता कळलं. मी चाकणला आहे, दुपारपर्यंत पोहोचणं होत नाही. माझ्यासाठी थांबू नका, माती वेळेवर करा. आपण नववीत होतो तेव्हा रात्रीच्या ओलिताला काकाजींसोबत जायचो. ते आपल्याला धुऱ्यावर घोंगडी टाकून झोपवायचे आणि स्वतः रात्रभर बॅटरी घेऊन दांडाने फिरायचे. सकाळपासून तेच डोळ्यासमोर आहे. याला उत्तर देऊ नको. राख सावडून झाली की दुसऱ्या दिवशी रात्री फोन करतो, नाही उचललास तरी चालेल."

यातली प्रत्येक ओळ तिथे का आहे ते सांगतो, म्हणजे तुमचा मेसेज लिहिताना काय ठेवायचं आणि काय काढायचं ते कळेल.

"काकाजी गेल्याचं" यात गेलेल्या माणसाला तुम्ही जी हाक मारत होता तीच आहे. "तुझ्या वडिलांचे दुःखद निधन" असं लिहिलंत की तुम्ही आणि त्या घरामध्ये कार्यालयाची खिडकी उभी राहते. तुम्ही त्यांना बाबा म्हणत असाल तर बाबा लिहा, मामाजी म्हणत असाल तर मामाजी.

न येण्याचं कारण एका ओळीत संपलं आहे. "मी चाकणला आहे" यात सगळं आलं. सुपरवायझरने सुट्टी नाकारली, तिकीट मिळालं नाही, बायकोची तब्येत बरी नाही, हे खरं असलं तरी आज लिहू नका. कारणं वाढली की मेसेज तुमच्याबद्दल होतो. मग मित्राला लिहावं लागतं, "असू दे, वाईट वाटून घेऊ नको." बाप गेलेल्या पोराने तुमची समजूत काढायची, असं व्हायला नको. "मला माफ कर" हेही याच कारणाने गाळलं आहे. अंतर हा तुमचा गुन्हा नाही, आणि माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते.

"याला उत्तर देऊ नको" ही ओळ लोक विसरतात. त्या दिवशी मित्राच्या फोनवर शेकड्याने मेसेज पडतात. जवळच्या माणसांना उत्तर द्यायचं राहून गेलं ही टोचणी त्याला लागते. तुमच्या बाजूने ती आधीच काढून टाका.

आता आठवण. पूर्ण मेसेजचा जीव तिच्यात आहे, म्हणून तिच्यावर दहा मिनिटं खर्च करा. "देवमाणूस होते", "मनमिळाऊ होते", "त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली" ही वाक्यं कोणाच्याही वडिलांना लागू पडतात. तपासायची रीत सोपी आहे: वाक्यात दुसऱ्या कोणा गेलेल्या माणसाचं नाव घालून पाहा. तरीही वाक्य चपखल बसत असेल तर ते काढून टाका. धुऱ्यावरची घोंगडी दुसऱ्या कोणाला लागू होणार नाही, म्हणून ती राहते.

आठवण शोधताना गुण आठवू नका, कृती आठवा. त्यांनी हाताने काय केलं, कुठे, आणि तेव्हा तुम्ही कुठे होता. बंडीवर बसवून आठवडी बाजाराला नेलं असेल. दहावीच्या निकालाला शाळेच्या फाटकाशी उभे असतील. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला तुमच्या हातात ब्रश दिला असेल. तूर सोंगताना विळा कसा धरायचा हे दाखवलं असेल. अगदी लहान गोष्ट चालते, मोठी सांगण्याच्या नादात खोटी होते. एकच सांगा. तीन आठवणी लिहिल्या की तो श्रद्धांजलीच्या सभेतला लेख होतो. आणि शेवटच्या आजाराची आठवण नको, ती त्याच्याकडे भरपूर आहे. त्याच्याजवळ नसलेली, तुमच्या बाजूने दिसलेली एखादी द्या. मुलाला बाप घरातला माहीत असतो, दुसऱ्याच्या पोराशी तो कसा वागायचा हे बरेचदा तुमच्याकडूनच कळतं.

तुमची त्यांची फारशी ओळख नसेल तर बनवून लिहू नका. "काकाजींना मी एकदाच भेटलो, तुझ्या लग्नात. पण होस्टेलवर तू त्यांच्या गोष्टी सांगायचास, त्यातली विहीर खणल्याची मला अजून पाठ आहे." हेही खरं आणि पुरेसं आहे.

"काही लागलं तर सांग" हे वाक्य मनापासून येतं, तरी लिहू नका. काय लागतंय हे त्याने ठरवायचं, मग तुमच्याकडे मागायचं, मागताना संकोचायचं, एवढं काम तुम्ही त्याच्यावर टाकता. मदत करायची असेल तर नेमकी करा, आणि ती त्या तिसऱ्या माणसामार्फत करा. त्याला विचारा, "तेरवीचा किराणा कोण भरतंय? अर्धा माझ्याकडे लाव." मित्राच्या खात्यावर पहिल्याच दिवशी पैसे टाकू नका. मेसेजच्या पाठोपाठ रक्कम आली की न आल्याची भरपाई केल्यासारखी दिसते.

"देव तुला हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो" आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" यांना जागा आहे. दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, चौकातल्या बॅनरवर, पेपरातल्या निधन वार्तेखाली ते ठरीव शब्दच शोभतात. तिथे तुम्हीही लिहा, न लिहिलं तर उगाच नजरेत येतं. मित्राला स्वतंत्र पाठवायच्या मेसेजमध्ये मात्र ते नकोत, हात जोडलेलं चित्रही नको.

एक गोष्ट घरावर अवलंबून आहे. आपल्याकडे बौद्ध घरं पुष्कळ आहेत. तिथे "आत्म्यास शांती लाभो" लिहिणं चुकीचं, कारण ते आत्मा मानत नाहीत. तेरवीही नसते, जलदान विधी किंवा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. ग्रुपवर लिहायचं तर "विनम्र अभिवादन" किंवा "आदरांजली" लिहा. मुसलमान घरी दफन लवकर करतात, तिथे पोहोचण्याचा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या घरी सामुदायिक प्रार्थनेवर भर असतो. तुमच्या वैयक्तिक मेसेजला याने फरक पडत नाही. आठवण, न येणं, थांबू नका, फोन करतो, हे चारही प्रत्येक घरी चालतं. फक्त "माती" आणि "राख सावडणं" हे शब्द त्या घरच्या रीतीप्रमाणे बदला.

तेरवीबद्दल. तुम्हाला सुट्टीची खात्री नाही, म्हणून मेसेजमध्ये तेरवीचं नाव काढू नका. एकदा न येणं समजून घेतात. "तेरवीला नक्की येतो" म्हणून दुसऱ्यांदा न येणं लक्षात राहतं. शिवाय आता बऱ्याच घरी तेरवी तेराव्या दिवसापर्यंत ठेवत नाहीत, पाहुण्यांच्या आणि शेतीच्या सोयीने आधीच उरकतात. तारीख त्या तिसऱ्या माणसाकडून कळली आणि सुट्टी हातात आली, तर आदल्या दिवशी कळवा.

नमुन्यात कबूल केलेला फोन मात्र चुकवू नका. राख सावडून झाली की लांबचे पाहुणे परततात, घर पहिल्यांदा रिकामं वाटतं. दिवसा भेटीला येणारे असतात, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर, साडेआठ-नऊला करा. "कसा आहेस?" असं सुरू करू नका, त्याला उत्तर नसतं. "आई जेवते का?" "रात्री तिच्याजवळ कोण झोपतं?" "कापूस वेचायचा राहिला असेल, बाया मिळाल्या का?" असं विचारा. या प्रश्नांना उत्तरं असतात, आणि त्यांतून तो आपोआप बोलता होतो. मध्ये गप्प झाला तर तुम्हीही गप्प राहा, फोन चालू राहू द्या. "धीर धर, आता तुलाच सगळं पाहायचं" हे वाक्य गावातल्या प्रत्येकाने त्याला ऐकवलेलं असतं, तुम्ही भर घालू नका.

मग सांगा, "काकूंना दे." हे बहुतेक लोक करत नाहीत, आणि काकू ते मनात ठेवतात. त्यांना आधी स्वतःची ओळख द्या, वडिलांच्या नावासकट, कारण त्या गडबडीत आवाज ओळखू येत नाही. "काकू, मी मातीला येऊ शकलो नाही" एवढं म्हणा. त्या रडतील. "रडू नका" म्हणू नका, ऐकत राहा. त्यांचा आवाज थांबला की "मी येतो भेटीला" म्हणा, तारीख ठरली असेल तर तारखेसकट.

याच फोनवर किंवा पुढच्या आठवड्यातल्या फोनवर एक कामाची गोष्ट सांगता येते, आणि ती चाकणहूनही होते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. नोंद करताना नाव आधार कार्डावर आणि सातबाऱ्यावर जसं आहे तसंच लागलं पाहिजे. एका अक्षराचा फरक पडला की बँकेत आणि वारस नोंदीच्या वेळी फेऱ्या सुरू होतात. "दाखल्याचा फोटो पाठव, मी आधारशी ताडून पाहतो" असं म्हणा. ही मदत त्याला मागावी लागत नाही.

भेटीला जायचं ते तेरवीनंतर महिना-दीड महिन्याने गेलात तरी उशीर होत नाही. मंडप निघालेला असतो, भाऊबंद आपापल्या शेतात गुंतलेले असतात, आणि बोलायला माणूस नसतो. काही घरी भेटीचा वार पाहतात, तो आधी विचारून घ्या. फाट्यावर चहा-नाश्त्याला बोलावू नका, थेट घरी जा, आधी काकूंपाशी बसा.

आणि कधी मित्र म्हणालाच, "तू आला नाहीस," तर अंतर, सुट्टी, गाडी काही मोजू नका. "हो, नाही आलो" म्हणा आणि त्याला पुढे बोलू द्या. त्याला बहुतेक तुमचा खुलासा नको असतो. त्या दिवशी तुम्ही नव्हता, तेव्हा तिथे काय काय झालं, हे त्याला तुम्हाला सांगायचं असतं.